एक अ‍ॅग्रीमेंट, तीन सह्या आणि एक जण निघाला: राहिलेलं भाडं कोणाच्या माथी?

पुण्यात भाड्याच्या घरांची अ‍ॅग्रीमेंट नोंदवून देण्याचं काम मी करतो. अंगठा लावताना सगळे घाईत असतात, तेव्हा कोणी काही विचारत नाही. सहा महिन्यांनी मात्र फोन येतो, आणि तो बहुतेक एकाच प्रकारचा असतो: "तिघांनी मिळून फ्लॅट घेतला होता. एक जण गेला. मालक म्हणतो पूर्ण भाडं द्या. आमचा हिस्सा आम्ही दिलाय, मग त्याचं आम्ही का भरायचं?"

भरावं लागतं, एवढंच छोटं उत्तर. पण तेवढ्याने हिशेब संपत नाही. पुढे लिहिलेला क्रम महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्सचा आहे, म्हणजे ज्याला आपण सगळे भाडेकरार म्हणतो त्या अकरा महिन्यांच्या कागदाचा. लोक चुकतात ते बहुतेक क्रमात. नोटीस द्यायच्या आधी सामान हलवतात, मालकाचं उत्तर यायच्या आधी डिपॉझिट फिरवतात, आणि कागद सगळ्यात शेवटी शोधतात.

## आधी दोन हिशेब वेगळे करा

पहिला हिशेब घरमालक आणि तुम्ही सगळे यांच्यातला. दुसरा तुमचा आपसातला. भांडणं होतात ती हे दोन्ही एकत्र कालवल्यामुळे.

मालकासमोर तुम्ही तीन भाडेकरू नसता, एकच पार्टी असता. भारतीय करार कायद्याचं, म्हणजे १८७२ च्या कायद्याचं, कलम ४३ सांगतं की दोघा-तिघांनी मिळून एक वचन दिलं असेल आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर समोरचा माणूस त्यांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण वचन पाळून घेऊ शकतो. भाडं ३६,००० असेल तर मालक ते तिघांकडून मागेल, दोघांकडून मागेल किंवा तुमच्या एकट्याकडूनही मागेल. "मी माझे १२,००० टाकले" हे त्याच्यासाठी उत्तर नाही. त्याच्या दृष्टीने २४,००० यायचे राहिलेत आणि ते तुमच्याकडूनच राहिलेत.

इथे बरेच जण म्हणतात, "पण आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार असं कुठे लिहिलंच नाही." नसू दे. कागद गप्प असेल तर कलम ४३ लागू होतं. सुटका हवी असेल तर प्रत्येकाची जबाबदारी आपापल्या हिश्श्यापुरतीच आहे, असं उलट लिहिलेलं सापडायला हवं. इतक्या वर्षांत असं कलम मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच कागदांत पाहिलंय.

दुसरा हिशेबही त्याच कलमात आहे. ज्याने जास्त भरलं तो बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागू शकतो. वेगळं ठरल्याचं दिसत नसेल तर वाटा समसमान धरतात. एखाद्याने आपला वाटा बुडवला, तर ते नुकसान उरलेल्यांनी सारखं वाटून घ्यायचं असतं.

मग मालकाने जाणाऱ्याला सांगितलं, "जा बाबा, तुझ्याशी माझं काही नाही," तर? कलम ४४ इथे दोन्ही बाजूंनी कापतं. एकाला सोडलं म्हणून बाकीचे सुटत नाहीत, भाडं ३६,००० चं २४,००० होत नाही. आणि मालकाने सोडलं म्हणून तो मित्रांच्या हिशेबातून सुटतो असंही नाही. जाणारा "मालक हो म्हणाला" एवढ्यावर निर्धास्त असतो, राहणारे "त्याला सोडलंय तर आमचं भाडं कमी झालं असणार" असं धरून चालतात. दोघांचाही अंदाज चुकीचा.

## १. कागद काढा आणि चार जागा वाचा

नोंदणी झालेल्या अ‍ॅग्रीमेंटची पीडीएफ प्रत कोणाच्या तरी मेलमध्ये असते. ती काढा. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मसुदा नको, नोंदणी क्रमांक असलेली प्रत हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याच्या कलम २४ प्रमाणे लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय ते त्या बाबतीत निर्णायक पुरावा मानतात. त्यामुळे तोंडी काय ठरलं होतं हे मालकासमोर नंतर फारसं चालत नाही.

पहिली जागा: "लायसन्सी" म्हणून कोणाकोणाची नावं आणि अंगठे आहेत. फ्लॅटमध्ये राहणारा प्रत्येक जण सही करणारा असेलच असं नाही. पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरू माहितीत चार नावं असतात आणि अ‍ॅग्रीमेंटवर दोनच. मालकासमोरची जबाबदारी त्या दोघांची. बाकी दोघांचा हिशेब फक्त आपसातला.

दुसरी जागा: लॉक-इन. तीन किंवा सहा महिने असा मजकूर असतो आणि त्याआधी सोडल्यास उरलेल्या लॉक-इनचं भाडं द्यावं लागेल असं लिहिलेलं असतं. आकडा छापलेला आहे म्हणून तो पूर्ण वसूल होईलच असं नाही. करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाई देतं, आणि मालकाला आठवड्यात नवीन लोक मिळाले तर तीन महिन्यांचं भाडं मागणं कठीण होतं. पण डिपॉझिट त्याच्या हातात असतं हे विसरू नका. भांडायला तुम्हाला जावं लागतं, त्याला नाही.

तिसरी जागा: नोटीस. किती दिवसांची, लेखी की मेलवर चालेल, आणि ती देणारा कोण. बहुतेक कागदांत "लायसन्सीने एक महिन्याची नोटीस द्यावी" असं असतं आणि लायसन्सी म्हणजे तुम्ही सगळे मिळून. एकट्याने दिलेली नोटीस म्हणजे "मी जातोय" अशी माहिती झाली. अ‍ॅग्रीमेंट त्याने संपत नाही.

चौथी जागा: डिपॉझिट. पूर्ण रक्कम एकत्र लिहिली आहे की कोणी किती दिले ते वेगळं नोंदलंय? ऑनलाइन फॉर्ममध्ये पैसे भरल्याचा तपशील टाकायला जागा असते. तीन वेगळे व्यवहार असतील तर तिन्ही टाकायचे असतात. एजंट घाईत एकच टाकतो आणि नंतर तेवढ्यावरून तंटा होतो.

तपासणी: चारही उत्तरं एका कागदावर लिहून झाली का? शेवटच्या तारखेसकट? नसतील तर पुढे जाऊ नका, कारण पुढची प्रत्येक तारीख यांवरून काढायची आहे.

## २. आपसातलं ठरलेलं लिहून काढा, आज तरी

हे खरं तर राहायला आल्या दिवशी करायचं काम. पण कोणी निघतोय हे कळल्यावरही उशीर झालेला नसतो, फक्त त्याचं सामान हलायच्या आधी करा. स्टॅम्प पेपर लागतोच असं नाही. साध्या कागदावर सगळ्यांच्या सह्या किंवा ग्रुपवर एक मेसेज आणि त्याखाली प्रत्येकाचं "मान्य" एवढ्यानेही पुरावा उभा राहतो.

त्यात काय हवं? कोणाचा भाड्याचा वाटा किती. डिपॉझिटमध्ये कोणाचे किती. मध्येच निघणाऱ्याने किती दिवस आधी सांगायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्या जागी माणूस मिळेपर्यंत त्याने जास्तीत जास्त किती महिने हिस्सा द्यायचा. ही शेवटची मर्यादा कायद्यात कुठेही तयार मिळत नाही, तुम्हालाच ठरवावी लागते. माझा सल्ला: सांगितल्यापासून नवीन माणूस येईपर्यंत, पण दोन महिन्यांपेक्षा जास्त नाही. जाणाऱ्यालाही शेवट दिसतो आणि राहणाऱ्यांनाही माणूस शोधायची घाई राहते. मर्यादा नसली की राहणारे निवांत होतात, "हा फार बोलतो, तो मांसाहारी आहे" करत येणाऱ्याला परत पाठवतात आणि मीटर दुसऱ्याच्या नावावर पळत राहतं.

वाटे सारखे नसतील तर हे लिहिणं आणखी गरजेचं आहे. अटॅच्ड बाथरूमवाली खोली १४,००० आणि बाल्कनी बंद करून केलेली खोली १०,००० असं ठरलेलं असतं, पण ते फक्त डोक्यात. कायदा मात्र वेगळं काही दिसलं नाही तर समान वाटा धरणार. लेखी नसलं तरी दरमहा तेवढीच रक्कम पाठवल्याचं बँकेत दिसत असेल, तर तोही आधार होतो. रोख देणाऱ्यांकडे तोही नसतो.

> सावध: "तुमचं आपसात काय ते बघून घ्या" असं मालक म्हणतो तेव्हा त्याचं चुकत नाही. हा आपसातला कागद मालकाला बांधत नाही. तो दाखवून पूर्ण भाड्यातून सुटण्याचा प्रयत्न करू नका.

## ३. निघणाऱ्याने एकाच दिवशी दोन ठिकाणी कळवायचं

फ्लॅटमेटना संध्याकाळी चहावर सांगणं ही नोटीस नव्हे. मालकाला फोन करणं ही सुद्धा नव्हे. एकाच दिवशी मालकाला मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप करा आणि तोच मजकूर फ्लॅटच्या ग्रुपवर टाका. अ‍ॅग्रीमेंटमध्ये पोस्टाने नोटीस असं लिहिलं असेल तर स्पीड पोस्टही करा, पावती जपा.

मजकूर साधा ठेवा: "अमुक पत्त्यावरील फ्लॅटच्या, अमुक तारखेच्या नोंदणीकृत करारातील लायसन्सींपैकी मी एक आहे. मी अमुक तारखेला जागा सोडत आहे. बाकीचे राहणार आहेत. माझ्या जागी नवीन व्यक्ती घेण्यास आणि त्या तारखेनंतरच्या भाड्यातून मला मोकळं करण्यास आपली संमती आहे का, हे लेखी कळवावे. माझ्याकडून डिपॉझिटपोटी अमुक रक्कम आपल्याकडे आहे."

यातलं "मोकळं करण्यास" हे वाक्य लोक लाजेपोटी गाळतात. नेमकं तेच हवं असतं.

सगळेच सोडणार असाल तर नोटिशीवर सगळ्यांची नावं हवीत. हा फरक लक्षात घ्या: एकाचं निघणं आणि अ‍ॅग्रीमेंटचं संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## ४. मालकाचं उत्तर: "ओके" पुरेसं नाही

मालक बहुतेकदा अंगठ्याची खूण किंवा "ओके" पाठवतो. कशाला ओके? तो निघतोय हे कळलं म्हणून, की त्याला भाड्यातून सोडलं म्हणून? पुढे गरज पडली की मालक पहिला अर्थ सांगतो. म्हणून परत एकदा, शक्यतो हो किंवा नाही असं उत्तर येईल असा प्रश्न विचारा: "१ नोव्हेंबरपासूनच्या भाड्यासाठी माझ्याकडून काही मागणार नाही, बरोबर?"

पुढे तीन वाटा असतात.

पहिली, अ‍ॅग्रीमेंट तसंच ठेवायचं, बाकीचे पूर्ण भाडं भरणार आणि मालक जाणाऱ्याला लेखी मोकळं करणार. महिना-दीड महिनाच उरला असेल तर हे ठीक आहे. पण जाणाऱ्याचं नाव नोंदणीकृत कागदावर तसंच राहतं. मुदत संपल्यावर बाकीच्यांनी घर सोडलं नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाईचा प्रश्न येतो आणि मालकाच्या अर्जात तिन्ही नावं येऊ शकतात. त्यामुळे त्या लेखी उत्तरात "अमुक तारखेला याने जागेचा ताबा सोडला" हे शब्द असलेले बरे.

दुसरी, जुनं अ‍ॅग्रीमेंट रद्द करून नवीन माणसासह नवं नोंदवायचं. सगळ्यात स्वच्छ वाट हीच. लोक खर्चाला घाबरतात, म्हणून आकडा सांगतो. भाडं ३६,०००, डिपॉझिट १,०८,००० आणि पूर्ण अकरा महिने धरले तर एकूण भाडं ३,९६,००० होतं. त्यात डिपॉझिटवरचं वार्षिक दहा टक्के मानीव व्याज, साधारण दहा हजार, मिळवायचं आणि त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे हजाराच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर एजंटचे पैसे. तिघांत वाटले तर एका रात्रीच्या पार्टीइतका खर्च आहे. आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, कलम ५५ प्रमाणे, तेव्हा ते टाळण्यात त्याचाही फायदा नाही.

तिसरी, मालक ऐकतच नाही. नवीन माणूस नको, कोणाला सोडणार नाही, मुदतीपर्यंत तिघंच. तसं म्हणायचा त्याला हक्क आहे. मग राहणाऱ्यांना ठरवावं लागतं: दोघांत भाडं झेपतंय का, की तिघांनी मिळून नोटीस देऊन अ‍ॅग्रीमेंटच संपवायचं? हा निर्णय पंधरा दिवस लांबवला की तेवढं भाडं वाढतं.

> सावध: मालकाला न सांगता नवीन माणूस आणून बसवणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. बहुतेक अ‍ॅग्रीमेंटमध्ये दुसऱ्याला जागा देण्यास मनाई असते. त्या माणसाची पोलिसांकडे माहिती नसते, त्याची सही नसते, आणि त्याने भाडं बुडवलं तर मालक जुन्या तिघांनाच विचारतो. त्यात निघून गेलेलाही आला.

## ५. डिपॉझिट मालकामार्फत फिरवा

निघणारा म्हणतो, "माझे ३६,००० नवीन माणसाकडून मी घेतो, मालकाला मध्ये आणायला नको." नवीन माणूस गुगल पे करतो, विषय संपतो. मालकाच्या लेखी मात्र काहीच बदललेलं नसतं. त्याच्याकडच्या १,०८,००० वर अजून जुनीच तीन नावं आहेत. वर्ष संपल्यावर तो पैसे जुन्या माणसाच्या खात्यात टाकतो, नवीन माणूस तुमच्या तोंडाकडे बघत बसतो. उलटही होतं: भिंतीला भोक, सिंकखाली कुजलेली प्लाय हे जुन्याच्या काळातलं नुकसान नवीन माणसाच्या पैशातून कापलं जातं.

क्रम असा ठेवा. नवीन अ‍ॅग्रीमेंटवर सह्या. मग नवीन माणूस मालकाला पैसे देतो. मग मालक जुन्याला परत करतो. मालक हा द्राविडी प्राणायाम करायला तयार नसेल, तर थेट देवाणघेवाण चालेल, पण तिघांना एकाच मेसेजमध्ये घेऊन मालकाकडून एवढं लिहून घ्या: "जुन्या व्यक्तीचा डिपॉझिटवर आता हक्क नाही. ३६,००० नवीन व्यक्तीच्या नावे धरले आहेत." आणि नवीन अ‍ॅग्रीमेंटमध्येही तसंच आलं पाहिजे.

अ‍ॅग्रीमेंट चालू असताना मालकाने मध्येच एक तृतीयांश परत करावं असा आग्रह धरू नका. डिपॉझिट पूर्ण घरासाठी आहे आणि घर अजून तुमच्याकडे आहे.

"शेवटचा महिना डिपॉझिटमधून कापा" हेही त्यातलंच. मालक मान्य करेपर्यंत ते भाडं थकलेलंच असतं.

## ६. निघायच्या दिवशी

विजेच्या मीटरचा आकडा फोटोत घ्या, त्यात मीटर क्रमांक दिसला पाहिजे. महावितरणचं बिल नंतर येतं आणि ऑक्टोबरच्या एसीचा वाद डिसेंबरात होतो. आपल्या खोलीचा एक सलग व्हिडिओ काढा: भिंती, कपाट आतून, खिडक्या, बाथरूमचा नळ. किल्ली दिली तर कोणाला दिली, हे ग्रुपवर टाका: "आज संध्याकाळी मेन डोअरची एक आणि खोलीची एक किल्ली दिली." वायफाय किंवा गॅस आपल्या नावावर असेल तर नाव बदलून घ्या, नाहीतर ते बिल येतच राहणार.

तपासणी: मालकाचं लेखी उत्तर हातात आलं का? नसेल तर किल्ली देऊनही तुम्ही भाड्यातून सुटलेला नाही.

## ७. भाडं थकलंच तर: आधी भरा, मग मागा

राहणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे रागाने फक्त आपापला हिस्सा भरणं. याने मित्राला काही होत नाही. थकबाकी तुमच्या नावावर चढते, विलंब शुल्क असेल तर तेही लागतं, आणि मालकाला अ‍ॅग्रीमेंट मोडायला कारण मिळतं. पूर्ण भाडं वेळेवर भरा. पैसे पाठवताना शेऱ्यात लिहा: "नोव्हेंबर भाडं, ओंकारच्या हिश्श्यासह." मग त्याच दिवशी त्याला मेसेज करा की तुझे इतके मी भरले, अमुक तारखेपर्यंत दे. तुम्ही उदारपणे भरले नव्हते, त्याच्या वतीने भरले होते, हे त्याच दिवशी नोंदलं जातं.

आता एक हिशेब सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघू. समजा कोथरूडमध्ये तीन बेडरूमचा फ्लॅट आहे. निखिल १४,०००, सागर १२,०००, ओंकार १०,०००, एकूण ३६,०००. डिपॉझिट प्रत्येकी ३६,०००. अ‍ॅग्रीमेंट १ जूनपासून अकरा महिने, लॉक-इन तीन महिन्यांचा म्हणजे ऑगस्टअखेर संपलेला, त्यानंतर एक महिन्याची नोटीस. ओंकारला बेंगळुरूला नोकरी लागते. २० ऑक्टोबरला तो ग्रुपवर लिहितो, "मी ३१ ला निघतोय, पुढचं डिपॉझिटमधून बघा." मालकाला कोणीच कळवत नाही. ऑक्टोबरचं भाडं सगळ्यांनी दिलंय. नोव्हेंबरला मालकाच्या खात्यात २६,००० पडतात तेव्हा त्याचा फोन येतो. निखिल आणि सागर प्रत्येकी ५,००० वर टाकतात, डिसेंबरलाही तसंच. १ जानेवारीला मालकाच्या संमतीने नवीन मुलगा १०,००० वर येतो.

मालकाचा हिशेब सरळ आहे. त्याला दोन्ही महिने ३६,००० मिळाले, विषय संपला. मिळाले नसते तर तो थकलेले २०,००० निखिलकडून मागू शकला असता, सागरकडून, किंवा बेंगळुरूला बसलेल्या ओंकारकडूनही.

आपसातला हिशेब: निखिल-सागरच्या खिशातून २०,००० गेले. ओंकार म्हणतो, मी फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंतचा देणेकरी. हे टिकत नाही. त्याने सांगितल्या दिवशी तिघांनी एकत्र नोटीस दिली असती, तरी अ‍ॅग्रीमेंट २० नोव्हेंबरपर्यंत चालणारच होतं. त्या वीस दिवसांचे साधारण ६,६६७ रुपये त्याला देणं आहेतच, यावर फार वाद नाही. राहिलेल्या १३,३३३ वर मात्र दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. निखिल-सागर म्हणतील, त्याची सही एप्रिलअखेरपर्यंत आहे आणि मालकाने त्याला सोडलेलं नाही. ओंकार म्हणेल, तुम्ही दोघांनी घर सोडायचं नाही असं ठरवलंत आणि माझी खोली रिकामी ठेवून राहिलात. माझ्या मते इथे माणूस शोधायला किती खटपट केली हे निर्णायक ठरतं. नोव्हेंबरमध्येच जाहिरात टाकली, चार जणांना घर दाखवलं, याचे मेसेज असतील तर निखिल-सागरची बाजू भक्कम. डिसेंबरात जाग आली असेल तर मी त्यांना डिसेंबरचा निम्मा भार उचलायला सांगेन, म्हणजे ओंकारकडून १५,०००. दोन महिन्यांची मर्यादा आधीच लिहिलेली असती, तर २० डिसेंबरपर्यंतचा आकडा कॅल्क्युलेटरवर निघाला असता: नोव्हेंबरचे १०,००० आणि डिसेंबरच्या वीस दिवसांचे ६,४५२.

एक मेख राहिली. ओंकारचा वाटा १०,००० हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि पैसे रोखीत गेले असते, तर समान वाट्याच्या नियमाने तो दरमहा १२,००० चा धनी ठरला असता. पाच महिने त्याच्या खात्यातून नेमके दहाच हजार गेलेत, म्हणून दहाचा आकडा धरता येतो.

वसुली त्याच्या डिपॉझिटमधून होते, पण ती मालकाने करायची असते आणि त्यालाही ओंकारचं लेखी "हो" लागतं. नवीन मुलाचे ३६,००० मालकाकडे जमा झाले की, ओंकारच्या संमतीने १५,००० निखिल-सागरला आणि २१,००० ओंकारला. विजेचा वाटा यातूनच. म्हणूनच पाचव्या पायरीवर डिपॉझिट मालकामार्फत फिरवा म्हणालो. नवीन मुलाने थेट ओंकारला ३६,००० पाठवले असते, तर हातातलं एकमेव साधन गेलं असतं.

संमती देत नसेल तर पुढची पायरी वकिलाची नोटीस. रक्कम, तारखा आणि पंधरा दिवसांची मुदत, एवढंच त्यात हवं. चॅटचे स्क्रीनशॉट पुरतील असं समजू नका. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि तो फोन फॉरमॅट करू नका, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. दहा-वीस हजारांसाठी दावा लावण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीचा अर्ज करा. समोरच्याला बोलावणं जातं आणि बरेच जण तिथे येऊन मिटवतात. तरीही दावाच करायचा झाला तर पैसे भरल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत. मालक आणि लायसन्सी यांच्यातला भाड्याचा वाद पुण्या-मुंबईत लघुवाद न्यायालयात जातो. मित्रामित्रांतला वाटा मात्र दिवाणी न्यायालयात. चुकीच्या दारात गेलात तर दोन-तीन तारखा फुकट जातात.

## निघून गेलेल्याला मागाहून फोन आला तर

मार्चमध्ये मालकाचा किंवा वकिलाचा फोन येतो: "तुमचं जानेवारी-फेब्रुवारीचं भाडं थकलंय." फोनवर "मी तर कधीच गेलो" म्हणून ठेवून देऊ नका आणि घाबरून पैसेही पाठवू नका. आधी स्वतःचं लेखी मोकळं झाल्याचं उत्तर शोधा. ते असेल तर त्याची प्रत पाठवून मामला संपवा. नसेल, पण नवं अ‍ॅग्रीमेंट झालं असेल, तर त्याचा नोंदणी क्रमांक पाठवा. ज्या करारात तुम्ही नाही त्याचं भाडं तुमच्याकडून मागता येत नाही.

दोन्ही नसेल तर तुमची सही जिवंत आहे, हे मान्य करून चालावं लागेल. मग पहिला फोन राहिलेल्या मित्रांना करा, मालकाला नव्हे. ते राहत होते, वापरत होते, तेव्हा तुम्ही भरलेल्यातून निदान त्यांचे वाटे तुम्हाला परत देण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते, आणि हे त्यांच्याकडून पैसे पाठवायच्या आधी लिहून घ्या. त्याच वेळी मालकाला तिसऱ्या पायरीवरची नोटीस आजच्या तारखेने पाठवा. मागचे महिने त्याने पुसले जात नाहीत, पण एप्रिलच्या भाड्यातून मोकळं करायचं का, हा प्रश्न निदान मालकासमोर लेखी जातो. त्याचं लेखी "हो" येईपर्यंत मात्र तुम्ही सुटलेला नसता.